कच्ची मटकी, सॅलड आणि बिघडणारे पोट: भिजवणे कशासाठी आणि शिजवणे कशासाठी

गेल्या जून महिन्यात कोथरूडला राहणाऱ्या एकसष्ट वर्षांच्या एक काकू माझ्याकडे आहाराच्या सल्ल्यासाठी आल्या, तेव्हा त्यांची तक्रार तुरीच्या डाळीबद्दल होती. "दुपारी वरणभात खाल्ला की तासाभरात पोट नगाऱ्यासारखं होतं आणि संध्याकाळपर्यंत बसवत नाही," असे त्या म्हणाल्या. डाळ बंद करून त्यांना महिना झाला होता, तरी पोट फुगणे थांबले नव्हते. मी त्यांना सकाळी उठल्यापासून पोटात काय काय जाते ते क्रमाने सांगायला सांगितले. टेकडीवरून फिरून आल्यावर साडेसात वाजता त्या मोठा वाडगाभर मोड आलेली कच्ची मटकी खात होत्या. तिच्यात अर्धा कांदा बारीक चिरून, काकडी, किसलेले गाजर आणि वरून लिंबू असे. रक्तातली साखर वाढल्याचे कळल्यावर कोणीतरी त्यांना हा नाश्ता सुचवला होता आणि गुढीपाडव्यापासून त्यांनी तो एकही दिवस चुकवला नव्हता.

त्रास दुपारी होतो म्हणून दोष दुपारच्या जेवणाचा, हा तर्क सरळ वाटला तरी पचनाच्या वेळापत्रकात बसत नाही. खाल्लेले अन्न जठर आणि लहान आतडे ओलांडून मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचायला साधारण चार ते सहा तास लागतात. कडधान्यांचा वायू तयार होतो तो मोठ्या आतड्यात. शिवाय नवे जेवण पोटात पडले की आधीचे अन्न पुढे सरकवले जाते. म्हणून साडेसातची मटकी दुपारी एक-दीडला आपला परिणाम दाखवते आणि वरणभात बदनाम होतो.

या लेखात मी मुख्यतः मोड आलेल्या कच्च्या कडधान्यांबद्दल आणि त्यांच्यासोबत खाल्ल्या जाणाऱ्या कच्च्या भाज्यांबद्दल लिहिणार आहे. कारण पुण्यातल्या घरांत आरोग्यासाठी म्हणून सुरू केलेला आणि पोट बिघडले तरी कोणी संशय घेत नाही असा पदार्थ मला वारंवार हाच दिसतो.

त्रास दोन प्रकारचा असतो, आणि त्यांवरचे उपाय वेगळे आहेत

पहिला त्रास वायूचा. मटकी, मूग, चवळी, हरभरा या सर्वांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या जातीच्या साखरा असतात. त्यांचे तुकडे करणारे पाचक द्रव्य माणसाच्या आतड्यात तयारच होत नाही. त्यामुळे त्या न पचता मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यांना आंबवतात आणि त्यातून वायू निर्माण होतो. हा आजार नाही, थोड्याफार प्रमाणात हे प्रत्येकाच्या पोटात घडते. ज्यांचे आतडे ताणले जाण्याला अधिक संवेदनशील असते, त्यांना तेवढ्याच वायूने कळ येते, पोट गच्च होते किंवा शौचास वारंवार जावे लागते. या साखरा पाण्यात विरघळतात आणि मोड येताना अंकुर त्यांचा स्वतःच्या वाढीसाठी उपयोग करतो. म्हणून भिजवण्याने, भिजवलेले पाणी फेकण्याने आणि मोड आणण्याने त्या कमी होतात. त्या पूर्णपणे मात्र जात नाहीत.

दुसरा त्रास जंतूंचा, आणि तो अधिक गंभीर आहे. मोड येण्यासाठी जे ऊबदार, ओलसर वातावरण लागते, तेच साल्मोनेला आणि ई. कोलाय यांसारख्या जंतूंनाही हवे असते. बियांच्या सालीवरच्या बारीक भेगांत शेतातच काही जंतू अडकलेले असतील, तर एक-दोन दिवसांच्या मोडात त्यांची संख्या प्रचंड वाढते, आणि वरून कितीही धुतले तरी भेगांतले जंतू निघत नाहीत. २०११ साली जर्मनीत मोड आलेल्या मेथीमुळे ई. कोलायची मोठी साथ पसरली होती. साडेतीन हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. तपासाचा माग शेवटी मेथीच्या बियाण्यापर्यंत गेला. तेव्हा घरी स्वच्छ हातांनी मोड आणले म्हणून ते कच्चे खाण्यास निर्धोक झाले, असे म्हणता येत नाही. या त्रासावर भिजवण्याचा काहीही उपयोग नाही, इथे उष्णताच लागते.

मोड आले म्हणजे कडधान्य अर्धे शिजले, अशी एक समजूत मी अनेकांकडून ऐकते आणि ती मला फार काळजीची वाटते. मोड आणल्याने वायूचा त्रास थोडा घटतो, पण जंतूंचा धोका वाढतो. याखेरीज कच्च्या कडधान्यांत प्रथिनांचे पचन अडवणारी आणि आतड्याला चिडवणारी काही द्रव्ये असतात. मोड आल्यावर ती काही अंशी कमी होतात, पण खऱ्या अर्थाने निकामी होतात ती शिजवल्यावरच. राजमा हे याचे टोकाचे उदाहरण आहे. मोड आलेला कच्चा राजमा कधीही खाऊ नये. मूठभर कच्च्या दाण्यांनीसुद्धा काही तासांत जोराच्या उलट्या सुरू होऊ शकतात. तो निदान पाच तास भिजवून, पाणी फेकून, नव्या पाण्यात उकळवूनच शिजवावा. मंद आचेवर नुसता कोमट होत राहिलेला राजमा विशेष घातक असतो.

कोणाला कच्चे सोसत नाही

वायूच्या बाजूने पाहिले तर सर्वांत आधी येतात ते आतड्याच्या संवेदनशीलतेचा जुना विकार असलेले, ज्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात. नुकताच जुलाबाचा आजार होऊन गेलेल्यांचे आतडेही काही आठवडे नाजूक राहते. कवळी असलेल्या किंवा दाढा गेलेल्या वृद्धांना मटकी नीट चावता येत नाही. अर्धवट चावलेले दाणे तसेच खाली उतरतात आणि आंबण्यासाठी जिवाणूंना जास्त माल मिळतो. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात काहींचे जठर मंद रिकामे होते, त्यांना कच्च्या तंतुमय पदार्थांनी जेवणानंतर तासन्‌तास जडपणा राहतो.

जंतूंच्या बाजूने पाहिले तर गर्भवती, पाच वर्षांखालची मुले, वृद्ध, केमोथेरपी घेणारे, अवयवरोपण झालेले आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे यांनी कच्चे मोड खाऊच नयेत, असे मी स्पष्टपणे सांगते. या यादीत एक गट असा आहे की त्यातल्या लोकांना आपण त्यात आहोत याची कल्पनाच नसते. सकाळी उठल्याबरोबर ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षे घेणारे लोक या गटात येतात. जठरातले आम्ल हे अन्नातून येणाऱ्या जंतूंना अडवणारे पहिले कुंपण आहे आणि पँटोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल ते कुंपण खाली आणते. याचा अर्थ गोळी आपल्या मनाने बंद करावी असा मुळीच नाही. ती चालू असेपर्यंत कच्चे मोड टाळावेत, एवढेच माझे सांगणे आहे. आमच्या काकू गुडघेदुखीच्या औषधांबरोबर ही गोळी दोन वर्षे घेत होत्या.

पायरी पहिली: त्रास खरोखर कशाचा आहे हे ठरवणे

स्वयंपाकात बदल करण्याआधी पाच दिवस कच्चे मोड आणि कच्चा कांदा पूर्ण बंद ठेवावेत आणि बाकी आहार नेहमीचाच राहू द्यावा. एका वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: काय खाल्ले, किती वाजता, आणि त्रास किती वाजता सुरू झाला. खाल्ल्यानंतर चार ते आठ तासांनी फुगणे, गुडगुडणे आणि वायू सरल्यावर बरे वाटणे ही आंबण्याची खूण आहे. ताप, उलट्या, पाण्यासारखे जुलाब किंवा शौचात रक्त ही जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत आणि ती खाल्ल्यापासून काही तासांनी ते तीन-चार दिवसांनीही दिसू शकतात. म्हणून अशा वेळी फक्त शेवटच्या जेवणाला दोष देऊ नये.

या टप्प्यावर औषधांचीही चौकशी करावी. काकूंना साखरेसाठी मेटफॉर्मिन सुरू होते आणि त्या गोळीनेही सुरुवातीला पोट बिघडते. मात्र ती फेब्रुवारीत सुरू झाली होती, पहिल्या दोन आठवड्यांची मळमळ केव्हाच शमली होती आणि फुगण्याचा त्रास पाडव्यानंतरचा होता. तारखा जुळवून पाहिल्यामुळे गोळीवरचा संशय मागे पडला. पाच दिवस कच्चे बंद ठेवून वरणभात पुन्हा सुरू केल्यावर त्यांचे पोट चौथ्या दिवसापासून हलके राहू लागले.

वय पन्नाशीपुढचे असून फुगणे नव्याने सुरू झाले असेल, वजन आपोआप घटत असेल, शौचाच्या सवयी बदलल्या असतील किंवा रक्त कमी झाल्याचे तपासणीत आले असेल, तर ही वही घेऊन थेट डॉक्टरांकडे जावे आणि आहाराचे प्रयोग मागाहून करावेत.

पायरी दुसरी: भिजवणे आणि मोड आणणे

एक वाटी मटकी निवडून, तीन-चार पाण्यांनी चोळून धुवावी आणि चार वाट्या पिण्याच्या पाण्यात भिजत घालावी. पुण्याच्या उन्हाळ्यात आठ तास पुरतात, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत दहा-बारा तास लागतात. मध्ये एकदा पाणी बदलले तर अधिक साखर निघून जाते. उन्हाळ्यात हे पाणी न बदलता रात्रभर ओट्यावर राहिले, तर सकाळी त्यावर फेस आणि आंबूस वास येतो. भिजवलेले पाणी कणकेत किंवा आमटीत वापरण्याची काटकसर पुष्कळ घरांत असते. ज्यांना वायूचा त्रास आहे त्यांनी मात्र ते सरळ झाडांना घालावे, कारण जे बाहेर काढायचे होते ते त्या पाण्यातच उतरलेले असते.

निथळल्यावर न भिजलेले, खड्यासारखे राहिलेले गणंग दाणे वेचून टाकावेत. ते शिजतही नाहीत आणि दातही दुखावतात. मग मटकी उकळत्या पाण्यातून काढलेल्या स्वच्छ पंच्यात सैल बांधून ठेवावी. गच्च गाठोडे बांधले की मधल्या दाण्यांना हवा मिळत नाही आणि तेच आधी बुळबुळीत होतात. उन्हाळ्यात बारा तासांत, हिवाळ्यात चोवीस तासांत पाव इंचाचे मोड येतात. त्यापेक्षा लांब मोड येण्याची वाट पाहण्यात वायूच्या दृष्टीने फारसा लाभ नाही, जंतूंना मात्र जास्त वेळ मिळतो. मोड आले की त्याच दिवशी शिजवावेत. तसे जमत नसेल तर लगेच फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवावेत. फ्रीजने जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत.

बोटांना चिकट लागणारे, तपकिरी पडलेले किंवा कुबट वासाचे मोड शिजवूनही वापरू नयेत. याउलट, दिसायला पांढरेशुभ्र आणि वासाला ताजे असलेले मोडही दूषित असू शकतात, त्यामुळे ताजेपणाची परीक्षा ही सुरक्षिततेची परीक्षा मानू नये. हातगाडीवर किंवा दुकानात पिशवीत बांधून मिळणाऱ्या मोडांना कोणते पाणी लागले आणि ते किती तास उघड्यावर होते हे आपल्याला कळत नाही. ते फक्त उसळीसाठी घ्यावेत.

पायरी तिसरी: शिजवणे

एका पातेल्यात भरपूर पाणी खळखळून उकळावे, त्यात मोड आलेली मटकी घालावी, पाणी पुन्हा उकळू लागल्यापासून पाच मिनिटे मोजावीत आणि रोवळीत ओतून ते पाणी टाकून द्यावे. त्यानंतर मटकी मोदकपात्रात किंवा चाळणीत घालून दहा ते बारा मिनिटे वाफवावी, किंवा थोड्या नव्या पाण्यात झाकण ठेवून तेवढाच वेळ शिजवावी. दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबला असता मध्ये टणक कणी न लागता सहज चेपला गेला पाहिजे, आणि तरी त्याचा आकार टिकला पाहिजे. मोड आलेल्या मुगाला याच्या निम्मा वेळ पुरतो. कुकरमध्ये एका शिटीत मटकीचा लगदा होतो असा अनेकांचा अनुभव आहे, पण कवळी असलेल्यांसाठी तो लगदाच योग्य आहे. त्यात पाणी आणि चिमूटभर जिरेपूड घालून त्याचे कढण करावे.

पहिले पाणी टाकल्याने काही जीवनसत्त्वे वाया जातात आणि उष्णतेने क जीवनसत्त्व घटते, हा आक्षेप खरा आहे. ज्यांना वायूचा त्रास नाही त्यांनी ते पाणी टाकू नये, त्याचा कट करावा. ज्यांना त्रास आहे त्यांनी शिजवलेल्या मटकीवर पानात वाढल्यावर लिंबू पिळावे. पोटात न टिकणाऱ्या कच्च्या मटकीपेक्षा पचलेली शिजलेली मटकी अधिक पोषण देते, असे माझे मत आहे. काही जण लवकर मऊ पडावी म्हणून खाण्याचा सोडा घालतात. त्याने साखरा थोड्या अधिक निघतात, पण बी-१ जीवनसत्त्व नष्ट होते आणि रक्तदाब असलेल्यांच्या पोटात अकारण सोडियम जाते. मी तो घालायला सांगत नाही.

हिंग-जिऱ्याच्या फोडणीने पुष्कळांना बरे वाटते आणि ती जरूर घालावी, मात्र भिजवणे आणि शिजवणे चुकवून नुसत्या हिंगावर विसंबू नये.

कांदा, कोबी, काकडी

काकूंच्या वाडग्यातला दुसरा संशयित कांदा होता. कांद्यात फ्रुक्टन नावाची साखरेची साखळी असते, तीही आपल्याला पचत नाही आणि मटकीच्या साखरांबरोबर एकाच वेळी मोठ्या आतड्यात पोहोचते. इथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. फ्रुक्टन पाण्यात उतरते, तेलात उतरत नाही. म्हणून कांदा तेलात कितीही लाल परतला तरी तो खाल्ल्यास फ्रुक्टन पोटात जातेच. कांद्याचे मोठे तुकडे तेलात परतून काढून टाकले आणि त्याच तेलात फोडणी केली, तर स्वाद राहतो आणि त्रासदायक भाग बाहेर जातो. पातीच्या कांद्याचा फक्त हिरवा भाग चिरून घालणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

कोबीची कच्ची कोशिंबीर ज्यांना सोसत नाही त्यांनी कोबी बारीक चिरून उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे घालून निथळावा आणि मग दही कालवावे. गाजर आणि बीट वाफवून किसावे. काकडी बहुतेकांना सोसते, ती धुऊन, साल काढून, खाण्याच्या वेळीच चिरावी. पावसाळ्यात पालेभाज्या आणि कोथिंबीर यांना चिखल लागलेला असतो, तेव्हा मंडईतून आणलेली जुडी सुटी करून वाहत्या पाण्याखाली पान न्‌ पान धुवावे. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवल्याने माती सुटते, सगळे जंतू मात्र जात नाहीत. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात नसांवर परिणाम होऊन हातपाय कमजोर पडणाऱ्या गिया-बारे विकाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला होता. दूषित पाणी आणि कच्चे अन्न यांतून पोटात जाणारा हा जंतू पाणी उकळल्याने आणि अन्न पूर्ण शिजवल्याने मरतो. टँकरचे किंवा शंकास्पद पाणी येणाऱ्या घरांनी सॅलड धुण्यासाठीही उकळून गार केलेले पाणीच वापरावे.

पायरी चौथी: प्रमाण हळूहळू वाढवणे

काकूंना मी सहाव्या दिवशी वर सांगितल्याप्रमाणे शिजवलेली मटकी दोन मोठे चमचे, तीही दुपारच्या जेवणात, खायला सांगितली. तीन दिवस तेवढेच. त्रास झाला नाही, म्हणून पुढचे तीन दिवस चार चमचे आणि त्यानंतर अर्धी वाटी. अर्ध्या वाटीला पहिल्या दोन दिवशी संध्याकाळी थोडा वायू झाला, पण कळ आली नाही आणि तिसऱ्या दिवशी तोही कमी झाला. पाऊण वाटीला मात्र पोट पुन्हा गच्च झाले, तेव्हा त्यांची मर्यादा अर्धी वाटी ठरली. कांदा मी त्यांना स्वतंत्रपणे तपासायला लावला, कारण दोन्ही एकदम सुरू केले असते तर कोणामुळे काय झाले हे कळले नसते. पातीचा हिरवा भाग त्यांना सोसला. अर्धा कच्चा कांदा खाल्ला त्या दिवशी पाच तासांनी जुनीच तक्रार परत आली.

सकाळच्या वाडग्याच्या जागी त्यांनी मुगाचे धिरडे आणि सोललेली काकडी असा नाश्ता घेतला. साखर वाढेल अशी त्यांना भीती होती. त्यांनी घरच्या यंत्रावर दोन आठवडे नाश्त्यानंतरची साखर मोजून लिहून ठेवली आणि ती पूर्वीच्याच आकड्यांच्या आसपास राहिली. मोड कच्चे खाल्ले तरच मधुमेहात उपयोगी पडतात, हा त्यांचा समज तेव्हा दूर झाला.

पोट बिघडलेच तर

नुसत्या वायूसाठी थोडे चालणे, पोटाला शेक आणि पुढच्या जेवणाला मऊ भात किंवा ताक एवढे पुरते. जुलाब सुरू झाले असतील तर औषधाच्या दुकानातून ओआरएसची पुडी आणून तिच्यावर लिहिलेल्या पाण्याच्या मापातच कालवावी. पुडी नसेल तर एक लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ घालून प्रत्येक जुलाबानंतर घोट घोट द्यावे. ताप किंवा शौचात रक्त असताना जुलाब थांबवणारी गोळी आपल्या मनाने घेऊ नये. रक्त पडणे, जोराचा ताप, पाणीही न टिकणे, सहा-आठ तास लघवी न होणे किंवा जुलाब दोन दिवसांपुढे चालू राहणे, यांपैकी काहीही असेल तर दवाखाना गाठावा. गर्भवती, लहान मूल आणि वृद्ध यांच्या बाबतीत दोन दिवस वाट पाहू नये, त्याच दिवशी दाखवावे. जुलाबांनंतर हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा चढत गेला, तर रात्र असली तरी रुग्णालयात जावे.